क्वाड एचडीने वेग निम्मा होत नाही

मा. संपादक,

मॉनिटर खरेदीवरच्या आपल्या लेखात फुल एचडी सोडून क्वाड एचडीकडे गेल्यास ग्राफिक्स कार्डाचा वेग ‘जवळजवळ निम्मा’ होतो, असे म्हटले आहे. एवढ्यावरून कोणी बेत रद्द करू नये, म्हणून हे पत्र.

१९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, तर २५६० × १४४० म्हणजे ३६.९ लाख. वाढ १.७८ पट. सगळेच काम त्या पटीत वाढले, तर सेकंदाला १०० फ्रेम्सच्या ५६ होतील. पण सगळे काम वाढत नाही. सावल्यांचे नकाशे आणि आकृत्यांची भूमिती यांचा बराचसा खर्च रिझोल्यूशन बदलले तरी तेवढाच राहतो. समजा, १० मिलिसेकंदांच्या फ्रेममधले ३ असे ठरलेले आहेत. उरलेल्या ७ चे साडेबारा होतात, एकूण साडेपंधरा. म्हणजे ६५ फ्रेम्स. घट ३५ टक्के. बहुतेक खेळांत ती २५ ते ३५ टक्क्यांच्या आसपास असते. आणि फुल एचडीवर प्रोसेसरच अडवत असेल, कार्ड ६०-७० टक्केच राबत असेल, तर घट नावालाच दिसते.

मॉनिटर घेण्याआधी हे घरीच तपासता येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `DSR - Factors` खाली १.७८x निवडले, की फुल एचडी पडद्यावरच खेळात २५६० × १४४० चा पर्याय येतो. एएमडीकडे हीच सोय व्हीएसआर नावाने आहे. चित्राची धार यातून कळणार नाही, वेग मात्र कळतो.

मग कोणाला परवडते? आरटीएक्स ४०७० (१२ जीबी) किंवा आरएक्स ७८०० एक्सटी (१६ जीबी) असेल तर खुशाल जावे. आरएक्स ६७०० एक्सटी जुने झाले, तरी त्याची १२ जीबी मेमरी अजून कामी येते. खरी कुतरओढ आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० वाल्यांची. दोन्हींत ८ जीबीच. स्पर्धात्मक, हलके खेळ त्यांवर छान चालतात. नव्या भारी खेळांत मात्र मेमरी भरते आणि सरासरी बरी दिसत असतानाच खेळ मध्येच अडखळतो. अशा वेळी आधी टेक्स्चरचा दर्जा एक पायरी खाली आणावा. अडखळणे थांबले, तर दोष मेमरीचाच.

लहान चित्र रंगवून ते मोठे करणाऱ्या एनव्हिडियाच्या डीएलएसएसचा उल्लेख लेखात नव्हता, तो हवा होता. त्याच्या ‘क्वालिटी’ पर्यायात क्वाड एचडीसाठी मूळ चित्र सुमारे १७०७ × ९६० चेच रंगवले जाते, फुल एचडीपेक्षाही कमी. मोठे करण्याचा थोडा खर्च धरूनही गमावलेल्या वेगातला बराच परत मिळतो. ४०६० वाल्यांनी मॉनिटर घेतला तर याच भरवशावर घ्यावा. क्वाड एचडी पडद्यावर थेट फुल एचडी लावले, तर एका पिक्सेलचे १.३३ पिक्सेल पडद्यावर नीट बसत नाहीत आणि अक्षरे पुसट दिसतात.

आपला,
एक नियमित वाचक