बिल्डरच्या पत्राने पार्किंग मालकीचे होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील पार्किंगविषयीच्या लेखात 'ज्याने बिल्डरला पैसे मोजले, त्याची जागा' असे सरसकट विधान आहे. ते वाचून मन अस्वस्थ झाले, कारण याच समजुतीपायी मी नऊ वर्षे रस्त्यावर गाडी लावतो आहे.

आमची इमारत रेरा कायद्याच्या आधीची आहे. इमारतीखालच्या खांबांमधल्या उघड्या जागेत, म्हणजे स्टिल्टमध्ये, अकरा जागा आहेत आणि गाड्या असलेले सभासद सोळा आहेत. वार्षिक सभेत मी सोडतीची मागणी केली, तेव्हा पाच सभासदांनी बिल्डरच्या लेटरहेडवरची पत्रे पुढे केली. त्यांवर सही-शिक्का होता, 'पार्किंग क्रमांक ४' असा उल्लेख होता, रक्कमही होती. मात्र एकही पत्र नोंदणीकृत नव्हते. मंजूर नकाशात तर ती सगळी जागा नुसती 'स्टिल्ट' म्हणून दाखवलेली आहे. तरीही कमिटीने त्या पाच जागा बाजूला काढल्या आणि उरलेल्या सहांसाठी आम्हा अकरा जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आज त्या पाच खांबांवर ऑइलपेंटने फ्लॅटचे क्रमांक रंगवलेले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात हा प्रश्न निकाली काढला आहे. मोफा या महाराष्ट्रातील जुन्या सदनिका मालकी कायद्याखाली बिल्डर सदनिका विकू शकतो आणि सदनिकेच्या व्याख्येत गॅरेज येते. परंतु खांबांमधली उघडी स्टिल्टची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, म्हणून ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे आणि सामाईक जागांची किंमत चटई क्षेत्राच्या प्रमाणात सदनिकेच्या किमतीतच धरलेली असते. म्हणजे त्या पाच जागांसाठी मीही पैसे भरलेले आहेत. त्या सभासदांनी बिल्डरला दिलेली रक्कम बुडू नये असे मलाही मनापासून वाटते, पण ती त्यांनी बिल्डरकडे मागावी; तिची भरपाई माझ्या हक्काच्या जागेतून होऊ नये.

वाटपाचा अधिकार सोसायटीचा आहे. आदर्श उपविधींनुसार जागा अपुऱ्या असतील, तर कमिटीने दरवर्षी सोडत काढायची असते आणि त्या सोडतीत अकराच्या अकरा जागा व सोळाही सभासद असले पाहिजेत. रेराखालील नव्या इमारतींत आच्छादित पार्किंगची गोष्ट वेगळी आहे, तेथे करारनामा पाहावा लागतो. उघडे पार्किंग मात्र तेथेही सामाईकच आहे. लेखात हा फरक यायला हवा होता.

गच्चीबद्दलही लिहिणे भाग आहे. वरच्या मजल्यावरील एका सभासदाने गच्चीच्या दाराला स्वतःचे कुलूप लावले आहे. मंजूर नकाशात एखाद्या सदनिकेला जोडून दाखवलेली टेरेस निराळी. पाण्याच्या टाक्या असलेली, जिन्याने वर जाता येणारी गच्ची सर्वांची असते. मागच्या महिन्यात टाकी साफ करायला आलेली माणसे किल्ली मिळेना म्हणून दोनदा परत गेली. त्या कुलपाची एक किल्ली सोसायटीच्या ऑफिसात ठेवावी, अशी लेखी मागणी मी केली आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.

आपला,
एक सदनिकाधारक