तुझ्या टीचिंग स्टेटमेंटमध्ये ते बल्ब कुठे आहेत?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

नोकरीच्या अर्जासोबत द्यायचं तुझं टीचिंग स्टेटमेंट काल रात्री वाचलं, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं. दोन पानं आहेत, इंग्रजी सफाईदार आहे, बोट ठेवायला कुठे जागा नाही. पण दोनदा वाचूनही तू वर्गात उभी राहून नेमकं काय करतेस ते मला कळलं नाही. विद्यार्थी शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, प्रत्येकजण विज्ञान शिकू शकतो, वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटू नये, जिज्ञासा जागी ठेवावी. हे सगळं तू मनापासून लिहिलं असणार. पण त्यातला 'फिजिक्स' शब्द काढून 'इतिहास' घातला, तर इतिहासाचा प्राध्यापकही खाली बिनदिक्कत सही करेल. ज्या समितीपुढे एका जागेसाठी असे ढीगभर अर्ज येणार, तिनं त्यातून तुला कसं ओळखायचं?

आणि गंमत म्हणजे ओळखायची खूण तुझ्याकडे आहे. मागे फोनवर तू मला बल्बांची गोष्ट सांगितलीस. एक बॅटरी, एकसारखे दोन बल्ब एकसरीत जोडलेले, कोणता जास्त उजळेल? मुलांनी आधी एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचं. खरं तर दोन्ही सारखेच उजळतात, पण तुझ्या सेक्शनमधल्या बऱ्याच जणांनी बॅटरीच्या धन टोकाजवळचा बल्ब सांगितला, कारण वीजप्रवाह पहिल्या बल्बमध्ये थोडा 'संपतो' आणि दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतो. ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते, माझ्याही वर्गात दरवर्षी सापडायची. तू लगेच उत्तर सांगितलं नाहीस. बॅटरी उलटी जोडली तर काय होईल, एवढंच विचारलंस. हे सगळं स्टेटमेंटमध्ये का नाही? तिथे फक्त 'सक्रिय अध्ययनाच्या पद्धती वापरते' असं अर्धं वाक्य आहे.

पद्धतीचं नाव एकदा घाल, हरकत नाही. आधी मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत, हेच हार्वर्डच्या एरिक माझूर यांचं पीअर इन्स्ट्रक्शन; समितीतल्या फिजिक्सवाल्यांना ते ठाऊक असतंच, ते 1990 च्या दशकापासून रूढ आहे. म्हणूनच नुसत्या नावानं काही सिद्ध होत नाही. कोणीही ते लिहू शकतो. तू ती पद्धत खरोखर वापरली आहेस हे कळतं ते वर्गात तुला घ्याव्या लागलेल्या निर्णयांवरून. पहिल्या मतदानात बरोबर उत्तरं साधारण 30 टक्क्यांच्या खाली असतील तर चर्चेला सोडून उपयोग नसतो, कारण पटवून देणारं कोणी नसतं. तिथे आधी संकल्पनेकडे परत जावं लागतं. 70 च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे सरकायचं. चर्चेत खरी जान असते ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. तू त्या दिवशी काय ठरवलंस आणि का, ते लिही.

आणि ती फजितीही लिही. बल्ब प्रत्यक्ष लावल्यावर खरंच एक जरा जास्त उजळ दिसला, आणि चुकीचं उत्तर दिलेली मुलं खूश झाली! स्वस्तातले बल्ब तंतोतंत सारखे नसतात. तू मग सर्किट तसंच ठेवून बल्बांची अदलाबदल केलीस. उजळपणा जागेवर राहिला नाही, बल्बाबरोबर गेला, आणि मुलांचा तर्क त्यांच्या डोळ्यांदेखत पडला. ज्यानं हा प्रयोग वर्गात केलेला नाही त्याला हा तपशील सुचणार नाही. वाचणाऱ्यांत ज्यानं केलाय, त्याला मात्र तो लगेच पटेल.

परिच्छेद कसा बसेल ते ढोबळ लिहून दाखवते. इंग्रजी तुझं तू कर.

'विजेच्या धड्याची सुरुवात मी एकसरीतल्या दोन सारख्या बल्बांपासून करते. विद्यार्थी आधी एकेकटे उत्तर देतात. पुष्कळांना वाटतं, प्रवाह पहिल्या बल्बमध्ये खर्च होतो. मी ते खोडून काढत नाही. बॅटरी उलटी जोडल्यावर काय होईल, याचं भाकीत शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगते. सर्किट चालू केल्यावर एक बल्ब किंचित उजळ दिसला, तर दोघांची जागा बदलून तो फरक जागेचा की बल्बाचा, हे त्यांनाच ठरवू देते. चुकीच्या कल्पनेला स्वतःच्या भाकितानं अडचणीत येऊ दिलं, तर ती माझ्या स्पष्टीकरणापेक्षा लवकर सुटते, असं माझं मत आहे.'

बघ, विश्वास शेवटच्या वाक्यात आला आणि एकदाच आला. तोवर वाचणाऱ्यानं वर्ग पाहिलेला असतो.

दुसरा विश्वास ठेवायचाच असेल तर 'प्रत्येकजण शिकू शकतो' हा ठेव, कारण त्यामागेही तुझी एक रीत आहे. चाचणी परत दिल्यावर चुकलेला प्रश्न मुलांनी पुन्हा सोडवायचा, आपण कुठे आणि का घसरलो ते दोन-तीन ओळींत लिहायचं, आणि त्यावर गेलेले निम्मे गुण परत मिळवायचे. फक्त त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे लिही. 24 जणांच्या सेक्शनमध्ये हे वाचून होतं, 200 जणांच्या लेक्चरमध्ये होणार नाही. मोठ्या वर्गात काय करशील, एखाद्याच प्रश्नापुरतं ठेवशील की गटानं लिहून घेशील, हे एका वाक्यात सांग. मुलाखतीत हे विचारणारच. आणि मुलं 'मी घाईत होतो' एवढंच लिहून गुण मागायला लागली, तेव्हा तू सूचना बदललीस ना? 'कोणतं गृहीतक चुकलं ते लिहा' असं केलंस. तेही येऊ दे. शिकवताना तू स्वतःत बदल करतेस, हे त्यातून आपोआप दिसतं, वेगळं सांगावं लागत नाही.

बाकीचे विश्वास काढून टाक. तिसरी, चौथी, पाचवी पद्धत एकेका ओळीत कोंबायचा मोह होईल, पण मग पुन्हा यादीच होते. जिज्ञासेचा परिच्छेद तर सरळ जाऊ दे.

विद्यार्थ्यांनी दिलेल्या रेटिंगची सरासरी इथे नको. ती अर्जात दुसरीकडे जाईलच, आणि त्या आकड्यातून मुलं काय शिकली ते कळत नाही. त्याऐवजी एका मुलाचं आधीचं आणि नंतरचं स्पष्टीकरण, नाव न घेता, तुझ्या शब्दांत एका ओळीत दे. आणखी एक. तू टीचिंग असिस्टंट होतीस, अभ्यासक्रम तुझा नव्हता. 'मी कोर्सची रचना केली' असा सूर दुसऱ्या पानावर डोकावतोय, तो काढ. सेक्शन तुझा होता, बल्बांचा प्रश्न तू निवडलास. तेवढं पुरेसं वजनदार आहे.

नवा मसुदा दीड पानात बसला तर बसू दे, दोन पानं भरायलाच हवीत असं नाही. रविवारपर्यंत पाठवलास तर बाबाही वाचतील. त्यांना फिजिक्स येत नाही. त्यामुळे बल्बांचा परिच्छेद त्यांना कळतो का, हे मला त्यांच्यावरच तपासायचं आहे. समितीत एखादा रसायनवाला किंवा डीनही असेल.

थंडी वाढली असेल, कानटोपी घालत जा.

तुझी,
आई