रविवारची तालीम: ‘अर्धा किलो टोमॅटो’

नमस्कार मंडळी,
फ्रेंच नाटुकल्याची तालीम रविवारी सकाळी 10 वाजता, नेहमीच्याच हॉलमध्ये. मुलांकडून एवढं घटवून घ्या:

‘लिव्र’ शब्दाचे अर्थ दोन. पुल्लिंगी ‘अँ लिव्र’ म्हणजे पुस्तक, स्त्रीलिंगी ‘यून लिव्र’ म्हणजे बाजारातला अर्धा किलो. गिऱ्हाईक चुकून ‘अँ लिव्र द तोमात’ मागतं, म्हणजे टोमॅटोचं पुस्तक! भाजीवाली समोर बोट दाखवते: ‘ला लिब्रेरी ए आँ फास.’ लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचं दुकान, लायब्ररी नव्हे. मागच्या तालमीत निम्मी मुलं इथेच फसली.

सगळा विनोद ‘अँ’वर उभा आहे. तो नाकातूनच यावा, ‘अन’ म्हटलं की ‘यून’सारखा वाटतो आणि भाजीवालीचं उत्तर कुणालाच कळत नाही. शेवटी गिऱ्हाईक ‘सँ सां ग्राम’, म्हणजे 500 ग्रॅम, म्हणून सुटतं. ते वाक्य घाईत नको.

मुलांना अजून कळलं नसेल तर पुण्यात जाऊन सांभार मागितल्यावर काय होतं ते सांगा, लगेच कळेल.

टोमॅटो, तराजू आणि एक जाडजूड पुस्तक आणावं. टोमॅटो कच्चेच बरे, गोकुळपेठ बाजारात मिळतील. पिकलेले मागच्या वेळी सतरंजीवर फुटले.