सातच्या रेघेचा हट्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या परीक्षा पुरवणीत टायट्रेशनच्या आलेखावर ७ पीएचला आडवी लाल रेघ मारून 'हाच समतुल्यता बिंदू' असं ठोकून दिलंय. आम्ल कोणतं, तर ॲसिटिक ॲसिड! गेल्या वर्षीही हीच आकृती होती. तिच्याच जोरावर क्लासच्या चाचणीत माझ्या नातीचे गुण कापले गेले. तिने 'सुमारे ८.७' लिहिलं होतं. सर म्हणाले, "पेपरात सात दिलंय." झालं, विषय संपला.

तिचंच बरोबर होतं. फ्लास्कमध्ये २५ मिलि ०.१ मोलर ॲसिटिक ॲसिड आणि ब्युरेटमध्ये तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड घ्या. २५ मिलि पडलं की आम्ल नेमकं संपतं, तोच समतुल्यता बिंदू, पण उरतं ते निव्वळ पाणी नव्हे, सोडियम ॲसिटेट. ॲसिटेट पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतं, थोडं हायड्रॉक्साइड मोकळं होतं आणि पीएच ८.७ला जातो. सात येतो तो हायड्रोक्लोरिक ॲसिडसारखं तीव्र आम्ल असेल तर.

बिंदू शोधायला रेघ लागतच नाही. आलेख सर्वांत उभा कुठे चढतो ते बघायचं. १२ मिलिच्या आसपास अख्खा १ मिलि ओतला तरी पीएच जेमतेम ०.०७ने सरकतो. बिंदूजवळ मात्र २४.९ मिलिला तो ७.२ असतो आणि २५.१ला थेट १०.३! चार थेंबांचा खेळ. म्हणून उडी जवळ आली की ०.१ मिलिच्या टप्प्याने वाचन घ्यायचं आणि दर टप्प्याला पीएच किती वाढला ते मांडायचं. वाढ सर्वांत जास्त जिथे, तिथे बिंदू. २४ नंतर एकदम २६चं वाचन घेणारी मुलं मधली रेघ अंदाजाने ओढतात. मग बिंदू सापडणार कुठून?

तुमचे तज्ज्ञ म्हणतील, सातची रेघ धरली तरी ब्युरेटवर २४.८६ येतं, फरक कितीसा? मान्य. पण सात डोक्यात बसला की रंग बदलून बिंदू दाखवणारा इंडिकेटर कोणताही चालेल असं मुलांना वाटतं. याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून बघा. ते ४.४ला पिवळं होऊन बसतं, म्हणजे ७.६ मिलिवरच 'प्रयोग पूर्ण'! इथे फिनॉल्फथॅलिनच हवं, ते ८.३च्या पुढे गुलाबी होऊ लागतं.

आणि आडव्या अक्षावर आकडे का नाहीत हो? शेजारच्या क्लासच्या जाहिरातीत फोन नंबर मात्र बोटभर जाड छापलाय.

दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, चौकटीत छापावी. कोपऱ्यात नको. नातीला ती कापून सरांना द्यायची आहे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सातारा