शुभाला मी जामीन का राहिले नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर विचारलंस, "एका सहीनं तुझं काय बिघडणार होतं?" तेव्हा मी शाळेत होते, आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखंही नव्हतं. शुभाच्या आईनं तुझ्यापाशी डोळ्यांत पाणी आणलं, हे ऐकून मलाही वाईट वाटलं. पण माझा निर्णय बदललेला नाही. तो का बदलणार नाही आणि तरी शुभा माझी मैत्रीण कशी राहील, हे तुम्हा दोघांना नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

शुभाला शिलाईचं काम वाढवायचं आहे. दोन पॉवर मशिन, एक ओव्हरलॉक, कापडाचा थोडा साठा आणि गाळ्याची अनामत, असा पाच लाखांचा हिशेब तिनं मांडलाय. पतसंस्था १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. महिन्याचा हप्ता साधारण ११,६३४ रुपये बसतो. जामीनदार दोन हवेत आणि त्यातला एक पगारदार हवा. जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणजे कुठल्याही पतसंस्थेला हवाहवासा जामीनदार, कारण पगार दरमहा ठरलेला आणि माणूस कुठे पळून जाणारा नाही.

तिनं आणलेला फॉर्म मी घरी ठेवून घेतला आणि पूर्ण वाचला. आई, त्यात नुसती एक सही नाही. नाममात्र सभासद होण्याचा अर्ज, पगाराच्या पावत्या, सही केलेले कोरे चेक, आणि हप्ते थकले तर माझ्या पगारातून कापून घ्यायला माझी आधीच दिलेली संमती, इतकं सगळं आहे. ते संमतीपत्र मुख्याध्यापकांमार्फत पगार काढणाऱ्यांकडे जातं. पुढे कधी तशी वेळ आली तर मला कोणी विचारायला येणार नाही, पगारच कमी जमा होईल.

लोकांचा समज असतो की आधी कर्जदाराला धरतात, त्याच्याकडून काहीच निघालं नाही तर मग जामीनदाराकडे येतात. तसं नसतं. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे, त्याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था शुभाला सोडून थेट माझ्याकडे येऊ शकते. आणि तसं करणं तिच्या सोयीचंच, कारण शुभाचा धंदा रोखीचा आणि माझा पगार बँकेत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळाला की कोर्टात दावा न लावताही थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करता येते. त्यात जप्तीही आली.

आणि एकदा कर्ज उचललं गेलं की "मला आता जामीन राहायचं नाही" म्हणायची सोय उरत नाही. पतसंस्थेनं मान्य केलं आणि तिला पटेल असा दुसरा जामीनदार मिळाला, तरच सुटका. शिवाय पुढे मी कुठे कर्ज मागायला गेले तर ही हमीही सांगावी लागते. तीन वर्षांनी चिन्मयीला शैक्षणिक कर्ज घ्यायची वेळ आली तर बँक माझ्या घराच्या हप्त्याबरोबर शुभाचे पाच लाखही विचारात घेऊ शकेल.

शुभा बुडवेल असं मला वाटत नाही. हे मी तिलाही सांगितलं. पण गणवेशाचं काम एप्रिल ते जुलै जोरात असतं आणि पुढे बराच काळ हात रिकामे असतात. हप्ता मात्र बाराही महिने. नियत चांगली असून हप्ते थकतात ते असेच. आमच्या केंद्रातल्या एका सरांनी चुलतभावासाठी सही केली होती. भाऊ वाईट नव्हता, पोल्ट्रीत मर आली. सरांच्या पगारातून कपात सुरू झाली, ते पैसे मागायला भावाकडे जायचे, तो तोंड चुकवायचा. कायद्यानं जामीनदाराला भरलेले पैसे कर्जदाराकडून मागता येतात, पण भावावर दावा कोण लावणार? आता ते दोघं एका पंगतीला बसत नाहीत. मला शुभाच्या दारात वसुलीला जायचं नाही. तिनं मला पाहून रस्ता बदलावा, असंही नको.

नकार कसा दिला, तेही सांगते, कारण तुम्हाला वाटत असेल मी तिला तोडून बोलले.

मी "बघते" म्हटलं नाही. आपल्याकडे "बघते" म्हणजे समोरच्याला अर्धा होकार वाटतो. ती त्यावर विसंबून प्रोसेसिंग फी भरते, संस्थेचे शेअर घेते, मशिनवाल्याला विसार देते, आणि मग नकार आला की तो विश्वासघात ठरतो. म्हणून फॉर्म वाचून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. तिची सासू आत गेल्यावर म्हणाले, "शुभा, मी कोणालाच जामीन राहत नाही, तुलाही राहणार नाही. तुझं काम उभं राहावं असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी दुसरं जे जमेल ते करीन." एवढंच.

घरी सगळ्यांचं म्हणणं होतं, "नवरा नको म्हणतो असं सांग, विषय संपेल." संपत नाही. मग ती यांना पटवायला आली असती, किंवा यांच्याबद्दल मनात अढी धरून बसली असती. "आमच्या घराचा हप्ता चालू आहे" म्हटलं असतं तर "तो संपला की राहशील ना?" असं झालं असतं. सबब दिली की ती दूर करायचा मार्ग समोरचा माणूस शोधतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. "कोणालाच नाही" हे मात्र खरं असावं लागतं. गेल्या वर्षी यांच्या मावसभावाला मी हेच सांगितलं होतं, आणि शुभाला ते माहीत आहे. उद्या घरातल्या कोणासाठी मी सही केली, तर शुभाला दिलेला नकार त्या दिवशी खोटा ठरेल. हे दादालाही सांगून ठेवा.

त्यानंतर तिनं परत परत विचारलं. कधी फोनवर, कधी संगीताकरवी, आणि आता तिच्या आईमार्फत, म्हणजे मावशींमार्फत. प्रत्येक वेळी मी तेच वाक्य बोलले, नवं कारण जोडलं नाही. नवं कारण दिलं की बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आवाज चढवला नाही आणि जुन्या गोष्टीही काढल्या नाहीत. "मागे माझ्या क्रेडिट कार्डावर फ्रिज मागत होतीस" असं एकदा जरी तोंडातून गेलं असतं, तर नकाराचं भांडण झालं असतं.

तिची दुसरी मागणी होती ती आमच्या शाळेच्या गणवेशाचं काम तिला मिळवून द्यायची. तिथेही मी नाही म्हटलं. ते काम शाळा व्यवस्थापन समिती ठरवते, आणि मी मैत्रिणीसाठी शब्द टाकला तर उद्या पालक बोट दाखवतील, मला आणि तिलाही. पण दरपत्रकं कधी मागवतात, त्यात कापडाचा प्रकार, मापं आणि शिलाईचा दर कसा लिहायचा, हे मी तिला सांगितलं. ही माहिती मी कोणालाही दिली असती. पत्रक ती स्वतः देईल, आणि समितीच्या बैठकीत त्यावर मी बोलणार नाही.

कर्जाबाबत मात्र मी रजा टाकून तिच्याबरोबर राष्ट्रीयीकृत बँकेत गेले. मुद्रा योजनेत ५० हजारांच्या वर पाच लाखांपर्यंतचं कर्ज 'किशोर' गटात येतं आणि त्याला तारण लागत नाही. तिथल्या साहेबांनी मशिनचं कोटेशन, उद्यम नोंदणी आणि खात्याचा उतारा मागितला. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, तिला पैसे पडत नाहीत. ती आम्ही माझ्या मोबाइलवर तिथेच बसून केली. अडलं ते उताऱ्यावर. वर्षभर शिलाई करूनही तिच्या खात्यात काहीच दिसत नाही, कारण सगळी कमाई रोख येते आणि रोखच जाते. साहेब म्हणाले, काही महिने पैसे खात्यात घ्या, आधी कमी रकमेचा अर्ज करा. तेव्हापासून तिनं दुकानात क्यूआर कोड लावलाय. पाच लाख एकदम मिळणार नाहीत. दोनेक लाख मिळाले तर एक पॉवर मशिन आणि ओव्हरलॉक येईल, गाळा पुढच्या वर्षी. शुभाला हे कमी वाटतं. मला वाटतं, रिकाम्या महिन्यांतही तिला झेपेल असा हप्ता याच रकमेचा आहे.

यावरून ती माझ्याशी पंधरा-वीस दिवस बोलत नव्हती. त्या काळात मी मुद्दाम तिच्याकडे जात राहिले. नकार देणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि तोच आधी येणं-जाणं बंद करतो, मग समोरच्याला वाटतं मैत्रीच संपली. तिच्या धाकटीच्या वाढदिवसाला गेले, पोरीच्या कपड्यांचं माप द्यायला गेले, शिलाई ठरल्या दरानं दिली. कर्जाचा विषय मी काढला नाही. गेल्या आठवड्यात तिनं स्वतःच फोन करून विचारलं, चालू खातं उघडावं की बचत खात्यावरच चालेल.

आई, मावशी पुन्हा भेटल्या तर "मी समजावते तिला" असं म्हणू नकोस. तू तसं म्हटलंस की शुभाला वाटणार, अजून वाट आहे, आणि ती बँकेचं काम अर्धवट सोडेल. एवढंच म्हण, "ते त्या दोघींचं आहे, त्या बघतील." आणि मावशींना घरी चहाला नक्की बोलाव.

बाबा, तुम्हाला वेगळं सांगायचं आहे. दुसरा जामीनदार अजून मिळालेला नाही आणि पहिलाही गेला. तुमची पेन्शन आणि घराचा उतारा गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तुम्हाला विचारणा होईल असं मला वाटतं. शुभा आली तर तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल, तिला तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. माझ्या नकाराची भरपाई म्हणून सही करू नका. "मी मुलांना विचारल्याशिवाय कुठे सही करत नाही" असं सांगा, आणि खरंच आम्हाला विचारा. कोणी "नुसती साक्षीदाराची सही" म्हणून कागद पुढे केला, तर सहीच्या जागेखाली काय छापलंय ते चष्मा लावून वाचा. 'साक्षीदार' आणि 'जामीनदार' यांचे रकाने त्या फॉर्मवर एकाखाली एक आहेत. संस्थेचा माणूस घाईत असला तरी कागद ठेवून घ्या आणि फोटो काढून मला पाठवा.

शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथूनच आणते, जुनी चिठ्ठी दादाला पाठवायला सांगा.

तुमची,
माई