सूज उतरते, पाऊल मात्र वाढलेलं राहतं

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या पुरवणीतला बाळंतिणीच्या तब्येतीवरचा लेख वाचला. त्यातल्या ‘सूज उतरली की जुनी पादत्राणं पुन्हा बसू लागतात’ या वाक्याने कालपासून चैन नाही. मी तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं आहे आणि याच समजुतीपायी माझ्या स्वतःच्या मुलीने सात महिने त्रास काढला.

सूज उतरते, हे खरं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती जाते. पण गरोदरपणात सूज येते तसाच तळपायाचा कमानीसारखा उंचवटाही खाली बसतो. त्या दिवसांत संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात आणि वरून वजन वाढलेलं असतं. कमान दबली की पाऊल पुढे सरकतं आणि पसरतं. हाड वाढत नाही. ताणलेले बंध पूर्वीइतके आखडत नाहीत, म्हणून लांबी तशीच राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 49 बायकांची पावलं गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली होती. निम्म्याहून जास्त जणींची पावलं लांब झालेली आढळली, वाढ 2 ते 10 मिलिमीटरची. बदल झाला तो मुख्यतः पहिल्या खेपेला.

माझी मुलगी ठाण्याहून वाशीला नोकरीला जाते. रजा संपल्यावर तिने जुने पाच नंबरचे बूट चढवले. महिन्याभरात उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि संध्याकाळी चवड्याची आग होऊ लागली. आम्ही दोघी गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो. मापाची लोखंडी पट्टी तिथे काउंटरखाली पडलेली होती. पाय मोजा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, नंबर पाचच ना? चामडं आहे, वापरून सैल होईल.’ चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. नख टोकावर आपटत असेल तर ते आपटतच राहणार. त्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

घरी येऊन आम्ही स्वतः मोजलं. लग्नाच्या वेळी कोल्हापुरी करून घेताना काढलेला तिच्या पावलांचा कागद मी जपून ठेवला होता. तेव्हा उजवं पाऊल 234 मिलिमीटर होतं, आता 240 भरलं. डावं 238 झालं होतं. चवड्याची रुंदी 91 वरून 95. आपल्या नंबरांत एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. सहा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाऊण नंबर, आणि जुने बूट आधीच अंगासरशी होते. सहा नंबरचे, पुढे रुंद असलेले बूट घेतले आणि आग पंधरा दिवसांत थांबली. नख वाढून यायला मात्र कित्येक महिने लागले.

मोजायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. कागद भिंतीला लावून ठेवायचा, टाच भिंतीला टेकवायची, वजन दोन्ही पायांवर सारखं घेऊन उभं राहायचं. खुणा दुसऱ्याने करायच्या, कारण स्वतः वाकलं की भार सरकतो. पेन्सिल उभी धरायची. तिरपी झाली की ती पावलाखाली शिरते आणि माप कमी येतं. सर्वांत लांब बोट कधी अंगठ्याशेजारचंही असतं, तिथवर मोजायचं आणि मोठ्या पायाचा नंबर घ्यायचा. बाळंतपणानंतर हे पाच-सहा महिन्यांनी करावं. त्याआधी महागडे बूट घेऊ नयेत, सैल पट्ट्यांच्या चपलांवर भागवावं.

लेखात हे फक्त बायकांचं म्हणून मांडलं आहे, तेही मला पटलेलं नाही. माझ्या यजमानांचं वजन पन्नाशीनंतर बारा किलो वाढलं. वयाने बंध ढिले पडतातच, त्यात हा भार. आठ नंबरचे बूट त्यांना आता नऊ लागतात, आणि रुंदीला तेही घट्ट. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी आणि वजनात मोठा फरक पडला की लगेच मोजावं. एकाच पायाची कमान बसत असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल आणि त्या एका पायावर चवड्यांवर उभं राहता येत नसेल, तर नंबर बदलून भागणार नाही. तिथे कमान धरून ठेवणारी शीर कमजोर झालेली असू शकते, डॉक्टरांना दाखवावं.

आणि अशा लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव का नसतं? कुणाला विचारायचं, हे आम्हाला कळायला हवं. पुढच्या मंगळवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट
नौपाडा, ठाणे (प.)