वाऱ्याचा वेग नव्हे, पाण्याची पातळी सांगा : गोव्याच्या आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महसूल व आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी

महोदय,

मी पेडणे तालुक्यातला, खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या काठावर राहणारा, भूगोल शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. चक्रीवादळाच्या इशाऱ्यांत वाऱ्याचा वेग ठळकपणे सांगितला जातो; समुद्राचे पाणी आमच्या बांधाच्या माथ्यापर्यंत कधी आणि किती चढेल, हे मात्र बांधावरच्या माणसाला समजेल अशा शब्दांत कोणी सांगत नाही. या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

मे २०२१ मधल्या दोन वादळांपासून सुरुवात करतो. १६ मे रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री ताशी १६० ते १७० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह दीवजवळ सौराष्ट्रात जमिनीवर आले. आपल्याकडे झाडे पडली, विजेचे खांब मोडले, कित्येक गावे अंधारात राहिली, आणि लोकांच्या आठवणीत ते ‘वाऱ्याचे वादळ’ म्हणूनच राहिले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २६ मे रोजी, यास वादळ ओडिशाच्या बालासोर भागात धडकले. त्याचा वारा ताशी १३० ते १४० किलोमीटर, म्हणजे तौक्तेपेक्षा कमी होता. तरीही पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आणि सुंदरबनात पाणी बांधांवरून चढले, ठिकठिकाणी बांध फुटले आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. कारण त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वादळाने चढवलेले पाणी उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आले. तौक्ते गोव्यासमोर होते तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन दोन दिवस झाले होते, अमावास्येचे उधाण ओसरत चालले होते. आपण वाचलो त्यात पंचांगाचा वाटा होता, हे आपल्या आढाव्यांत कुठेही लिहिलेले मला दिसले नाही.

हे पाणी येते कुठून, हे समजायला वादळाची घडण थोडी पाहावी लागते. घाम वाळताना अंग गार पडते, कारण पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. समुद्रावरही तेच घडते: पृष्ठभागाचे पाणी २६.५ अंश सेल्सिअसहून उबदार असेल, आणि ही ऊब सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत असेल, तर हवेला वाफेचा अखंड पुरवठा होतो. ती वाफ उंच जाऊन तिचे ढग बनतात तेव्हा घेतलेली उष्णता परत मिळते, भोवतीची हवा तापून हलकी होते आणि खालचा दाब घटतो. घटलेल्या दाबाकडे चहूबाजूंनी हवा धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न जाता वळते आणि आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण नगण्य असते, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत वादळे सहसा जन्मत नाहीत. वारा वाढला की बाष्पीभवन वाढते, त्याने दाब आणखी घटतो, आणि चक्र स्वतःलाच जोर देत राहते.

खोलीची अट महत्त्वाची आहे, कारण वादळ समुद्र घुसळते. उबदार थर पातळ असेल तर खालचे गार पाणी वर येते आणि वादळ स्वतःचीच चूल विझवते. मे महिन्यात आग्नेय अरबी समुद्राचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते, म्हणून तौक्ते लक्षद्वीपजवळ तयार झाल्यावर तीन दिवसांत अतितीव्र झाले. जुलै-ऑगस्टमध्येही समुद्र अगदीच थंड नसतो, पण तेव्हा खालचे पश्चिमी मोसमी वारे आणि वरचे पूर्वेकडून येणारे वारे एकमेकांविरुद्ध वाहतात. ढगांचा उभा स्तंभ त्यांत तिरका होऊन विस्कटतो. म्हणून आपला धोका मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन काळांत असतो.

आता मूळ मुद्दा. वादळी उधाण ही एखादी उंच लाट नसते. समुद्राची पातळीच काही तासांसाठी वर चढते आणि नेहमीच्या लाटा त्या चढलेल्या पातळीवरून आत येतात. ‘वादळी लाट’ हा प्रचलित शब्द म्हणूनच मला घातक वाटतो. लाट म्हटले की माणूस ती येऊन परत जाईल असे समजतो. २०१३ साली फिलिपिन्सच्या ताक्लोबान शहरात हैयान वादळापूर्वी उधाणाचा इशारा दिलेला होता, पण त्यातल्या परक्या शास्त्रीय शब्दाचा अर्थ अनेकांना कळलाच नाही आणि हजारो माणसे बुडाली. आपल्याकडे ‘उधाण’ हा प्रत्येक रापणकाराला समजणारा शब्द असताना तो का वापरू नये?

पातळी चढण्याची मुख्य कारणे दोन. केंद्रातला दाब घटल्याने पाणी थोडे वर उचलले जाते, दर हेक्टोपास्कलला सुमारे एक सेंटिमीटर. दाब ४० हेक्टोपास्कलने घटला तरी ही चढ ४० सेंटिमीटरच होते. खरे काम वारा करतो. तो पाणी किनाऱ्याकडे लोटतो. खोल समुद्रात ते तळाकडून परत फिरू शकते, पण उथळ समुद्रात त्याला वाट उरत नाही. तोच वारा, तेवढ्याच लांबीवर, ५० मीटर खोलीपेक्षा १० मीटर खोलीत सुमारे पाचपट पाणी साचवतो. बंगालच्या उपसागराचे टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे असल्याने १९७० च्या भोला वादळात काही लाख माणसे गेली, आणि त्यांतली बहुसंख्य बुडून गेली. गोव्यासमोरची उथळ पट्टी मुंबईसमोरच्या पट्टीपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे तसे राक्षसी उधाण इथे येणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र आपल्या बांधांना राक्षसी उधाणाची गरज नाही. मीटर-दीड मीटरही पुरते.

धोका कोणत्या वाटेने येतो, याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. समजा, अरबी समुद्रातून आलेले एक वादळ वेंगुर्ल्याजवळ जमिनीवर चढते. वर्तमानपत्रे लिहितील की गोव्यावरचे संकट सिंधुदुर्गाकडे सरकले. प्रत्यक्षात पणजी त्या केंद्राच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर असेल, आणि वादळाचा सर्वांत जोरदार वारा बहुधा केंद्रापासून तितक्याच अंतरावर असतो. वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून केंद्राच्या दक्षिणेला तो समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि थेट शापोरा, मांडवी, जुवारीच्या मुखांत पाणी कोंबतो. तेच वादळ कारवारला चढले तर गोवा केंद्राच्या उत्तरेला येतो, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी उलट मागे हटते. दोन ठिकाणांतले अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरच आहे, आणि २४ तास आधी वर्तवलेल्या मार्गातली सरासरी चूक ७० ते ८० किलोमीटर असते. म्हणून ‘वादळ अमुक ठिकाणी धडकेल’ एवढ्याने भागत नाही. दोन्ही शक्यतांत कोणत्या नदीत पाणी कुठवर येईल, हे सांगावे लागते.

पाणी नदीत शिरल्यावर काय होते, ते आमच्या खाजनांत पाहावे. मांडवीत भरती-ओहोटी सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवते, त्यामुळे उधाण किनाऱ्यापुरते राहत नाही. दिवाडी आणि चोडणचे बांधही त्याच्या वाटेत आहेत. बांधातली मानस, म्हणजे पाण्याचे झडपेसारखे दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि सुकतीला, बाहेरची पातळी खाली गेली की उघडते. शेतातले पावसाचे पाणी त्या वेळी निघून जाते. वादळात सुकतीची पातळीही वर राहिली तर मानस उघडतच नाही. वादळाबरोबर पाऊसही कोसळतो, म्हणजे आतले पाणी वाढते आणि बाहेरचे उतरत नाही. पुढची भरती बांधाच्या माथ्यावरून ओसंडली की पाणी आतल्या उतारावर पडून मातीच खणून काढते. बांध बाहेरून ढकलल्याने कमी आणि असा आतून कोरला गेल्याने जास्त फुटतो. दुरुस्तीच्या वेळी बाहेरच्या अंगालाच चिऱ्यांची भिंत उभी करून समाधान मानणाऱ्या कंत्राटदारांना हे कोणीतरी सांगायला हवे.

नुकसानाचा हिशेबही ऋतूवर ठरतो. मे महिन्यात खारे पाणी शिरले तर पुढचा पावसाळा जमिनीतले मीठ बरेच धुऊन काढतो. तेच नोव्हेंबरात शिरले तर वायंगण शेतीचा हंगाम जातो आणि मीठ पुढच्या जूनपर्यंत तिथेच बसते. कोरगूट भात खारटपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. वाऱ्याने पडलेला खांब आठवड्यात उभा राहतो; मिठाने मारलेल्या शेताची पंचनाम्याच्या दिवशी छायाचित्रे काढली तर त्यांत फक्त ओली जमीन दिसते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. हवामान विभाग आणि हैदराबादची समुद्रविज्ञान संस्था, इन्कॉइस, उधाणाचा अंदाज देतात, पण तो ‘नेहमीच्या भरतीपेक्षा इतके मीटर वर’ असा असतो. त्यात त्या तासाची भरती मिळवून, एकूण पातळी आणि तिची वेळ, दोन्ही आपल्या खात्याने नदीनिहाय जाहीर करावी. यासाठी आधी प्रत्येक बांधाच्या माथ्याची उंची मोजावी लागेल आणि ती एकाच शून्यापासून मोजावी लागेल: भरतीची कोष्टके बंदराच्या नकाशाच्या शून्यावरून मोजतात, जमिनीची उंची मध्यम समुद्रसपाटीवरून, आणि या दोन शून्यांत मीटरभराहून अधिक फरक आहे. तो विसरून आकडे जुळवले तर प्रत्यक्षात सुरक्षित असलेला बांध कागदावर पाण्याखाली दिसेल. प्रत्येक मानशीवर आणि धक्क्यावर ही पातळी रंगवलेल्या खुणांनी दाखवली, तर मानशीवरचा माणूस इशारा ऐकून स्वतःच ठरवू शकेल की आज आतले पाणी आधीच्या सुकतीलाच काढून टाकायचे की नाही.

ऑक्टोबर महिना उजाडण्यापूर्वी निदान शापोरा आणि मांडवी या दोन नद्यांवरच्या बांधांची मोजणी सुरू व्हावी, अशी विनंती आहे. आमच्या वाड्यावरचे बांध दाखवायला मी आपल्या अभियंत्यांसोबत केव्हाही येईन; फक्त त्यांनी भरतीच्या वेळी यावे, सुकतीला आले तर सगळेच बांध उंच दिसतात.

आपला,
पेडण्यातील एक निवृत्त शिक्षक